नेतृत्व, व्यवस्थापन आणि कोअर शॉपमधले मेस्त्री : दीर्घोत्तरी प्रश्नांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : ‘नेतृत्व आणि व्यवस्थापन यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला मी आठ मुद्द्यांचा तक्ता लिहितो, सगळे मुद्दे बरोबर असतात, तरी निम्म्याच्या वर गुण जात नाहीत. काय कमी पडते? (एम.बी.ए. द्वितीय वर्ष, कोल्हापूर)

तक्ता वाचला की डोळ्यांसमोर दोन माणसे उभी राहतात : एक नियमांना चिकटलेला कोरडा मॅनेजर आणि दुसरा दूरवरचे पाहणारा नेता. अब्राहम झालेझ्निक यांनी 1977 च्या लेखात खरोखरच असे दोन वेगळे स्वभाव मानले होते, त्यामुळे ही मांडणी अगदीच निराधार नाही. मात्र जॉन कॉटर यांनी 1990 मध्ये जो फरक केला तो माणसांमधला नसून कामांमधला आहे. गुंतागुंतीला आवर घालणे हे व्यवस्थापनाचे काम आणि बदलाला तोंड देणे हे नेतृत्वाचे. पहिल्यात नियोजन व अंदाजपत्रक, माणसांची नेमणूक, नियंत्रण व अडचणींची सोडवणूक येते. दुसऱ्यात दिशा ठरवणे, माणसांना त्या दिशेने एकत्र आणणे आणि त्यांना प्रवृत्त करणे येते. एकच प्रकल्पप्रमुख सकाळी पहिले आणि दुपारी दुसरे काम करत असतो, आणि परीक्षकाला हे उदाहरणात घडताना पाहायचे असते.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. ते मी समजावण्यासाठी रचले आहे, पण शिरोलीत काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. एका फौंड्रीला पंपाच्या नव्या बॉडीची 30 सॅम्पल कास्टिंग द्यायची आहेत. प्रत्येक कास्टिंगची आतली पोकळी घडवायला साच्यात वाळूचे दोन गाभे, म्हणजे कोअर, ठेवावे लागतात; एकूण 60 कोअर. कोअरला पाण्यातला कोटिंगचा लेप दिल्यावर तो ओव्हनमध्ये दीड तास वाळवावा लागतो आणि ओव्हनमध्ये एका वेळी 12 कोअर बसतात. याचा अर्थ पाच खेपा आणि साडेसात तास. रोजच्या उत्पादनातून या कामासाठी ओव्हन दिवसाला चारच तास मोकळा मिळतो, त्यात दोनच पूर्ण खेपा बसतात, तेव्हा तीन दिवस हवेत. तरुण प्रकल्पप्रमुखाच्या वेळापत्रकात मात्र एकच दिवस धरलेला आहे. कोअर शॉपच्या मेस्त्रींनी प्रत्येक खेप दीड तासाऐवजी पाऊण तासात उरकली. पाच खेपा पावणेचार तासांत बसल्या आणि तारीख पाळली गेली. मशिनिंग झाल्यावर 30 पैकी 11 कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडणारी छिद्रे, निघाली, आणि तीही आतल्या बाजूला, जिथे कोअर टेकतो तिथे. साच्याच्या वाळूत ओल जास्त असती तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाकडे दिसला असता. आतली जागा सांगते की वायू कोअरमधून सुटला.

उत्तरपत्रिकेत बहुतेक विद्यार्थी इथे ‘नेतृत्वाचा अभाव’ असे लिहून पुढे जातात. माझ्या मते ती घाई आहे. पहिली चूक निखळ व्यवस्थापनाची आहे : ओव्हनची क्षमता वेळापत्रकाशी ताडून पाहिली गेली नाही, आणि कितीही प्रेरक भाषण केले तरी चार तासांत साडेसात तासांचे काम बसत नाही. दुसरी चूक नेतृत्वाची आहे. हे सॅम्पल कशासाठी, हे संघाला कोणी सांगितलेच नव्हते. पद्धत निश्चित करण्यासाठी काढलेला लॉट सगळ्यांनी नेहमीच्या डिस्पॅचसारखा मानला, म्हणून तारीख पाळणे हेच यश ठरले. हे दोन्ही दोष वेगवेगळे दाखवून प्रत्येकावरचा उपाय वेगळा लिहिलात, तर फरक आपोआप स्पष्ट होतो. मग तक्त्यासाठी तीन ओळी पुरतात.

प्रश्न : सेवक नेतृत्व म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणे आणि सगळ्यांचे ऐकणे असेच मला वाटत आले आहे. ग्राहकाची तारीख ठरलेली असताना हे प्रकल्पात कसे चालेल? (फौंड्रीत नोकरी करून दूरशिक्षणाने शिकणारा विद्यार्थी, गोकुळ शिरगाव)

ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ यांची. त्यांनी अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत अनेक वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर 1970 मध्ये ती निबंधरूपाने मांडली. आधी सेवेची इच्छा आणि त्यातून नेतृत्व, असा त्यांचा क्रम आहे. त्यांनी दिलेली कसोटी मात्र गोडव्याची नाही. ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का, अधिक शहाणी, मोकळी आणि स्वतःच्या पायांवर उभी राहिली का, आणि समाजातल्या सर्वांत दुबळ्याचे काय झाले, असे ते विचारतात. या कसोटीचा दुसरा अर्धा भाग उत्तरपत्रिकांत जवळजवळ नेहमीच गळतो.

आपल्या उदाहरणात दुसरा लॉट काढायचा आहे. सेवक नेता म्हणून प्रकल्पप्रमुखापुढे तीन कामे आहेत. तीन दिवस ओव्हन मिळावा म्हणून मालकांशी आणि उत्पादन विभागाशी बोलणे हे त्याचे काम, कारण मेस्त्रींच्या शब्दाला तिथे वजन नाही. तारीख पुढे गेल्याचा ग्राहकाचा फोन त्याने स्वतः घ्यायचा. आणि कोअर पुरेसा वाळला नसेल तर तो मोल्डिंगला न देण्याचा अधिकार त्याने मेस्त्रींना सर्वांसमोर द्यायचा. यात गोड बोलण्याचा फारसा संबंध नाही. उत्पादन विभागाशी तर बहुधा वाजणारच. त्याने स्वतः बाह्या सरसावून कोअरला लेप द्यायला बसणे हे दिसायला छान, पण ती सेवा नव्हे, कारण त्याने ओव्हन मोकळा होत नाही.

पुढच्या महिन्यात दुसरा पार्ट आला आणि वेळापत्रक ठरण्याआधीच मेस्त्री म्हणाले, ‘पावसाळा आहे, साठवलेला कोअर ओल धरतो, ह्याला एक दिवस जादा ठेवा,’ तर पहिली कसोटी पार पडली. पण गेलेले दिवस भरून काढायला फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, कंत्राटी कामगारांना साप्ताहिक सुट्टीत बोलावले असेल, तर दुसरी कसोटी नापास. मेस्त्री वाढले आणि त्याची किंमत ग्राइंडर धरणाऱ्याने मोजली.

मर्यादाही लिहा. लाडलमध्ये, म्हणजे ओतण्याच्या भांड्यात, वितळलेला धातू आहे, त्याचे तापमान उतरत आहे आणि साचा सरकल्याचे दिसले, अशा क्षणी चर्चा नसते. ‘थांबवा’ हा हुकूमच द्यावा लागतो. ज्या प्रकल्पप्रमुखाच्या हातात ना ओव्हन ना माणसे, सगळे विभागप्रमुखांकडे आहे, त्याची सेवा विनंतीपाशीच अडते. अशा रचनेत वरचे पाठबळ नसेल तर सेवक नेता इतरांची कामे निमूट ओढणारा हरकाम्या होऊन बसतो.

प्रश्न : स्क्रम मास्टरला ‘सेवक नेता’ लिहावे की लिहू नये? शिकवताना एक सांगितले जाते, मार्गदर्शिकेत वेगळे दिसते.

स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करणाऱ्या संघांची कार्यपद्धती, आणि ती संघात नीट रुजवणारा तो स्क्रम मास्टर. 2017 च्या स्क्रम मार्गदर्शिकेत ‘सेवक नेता’ हा शब्द होता. 2020 च्या आवृत्तीत त्याऐवजी संघाची आणि व्यापक संस्थेची सेवा करणारे खरे नेते, अशा अर्थाची रचना आली. कल्पना तीच राहिली, फक्त ‘सेवक’ शब्दातून जो दुय्यमपणा ऐकू येत होता तो टाळला गेला. एका वाक्यात हा बदल नोंदवा आणि पुढे चला.

प्रश्न : भावनिक बुद्धिमत्तेचे गोलमन यांचे पाच घटक पाठ आहेत. पण ते प्रकल्पाच्या उदाहरणात घालायला गेले की ‘नेत्याने समानुभूती दाखवावी’ अशी उपदेशाची वाक्ये होतात. (बी.बी.ए. तृतीय वर्ष, इचलकरंजी)

घटकाचे नाव शेवटी लिहायचे आणि घडलेली गोष्ट आधी लिहायची, एवढे केले तरी उपदेश गळून पडतो.

11 कास्टिंग बाद झाल्यावर बैठक बसते. वाळूची प्रयोगशाळा पॅटर्नकडे, म्हणजे साचा घडवणाऱ्या नमुन्याकडे, बोट दाखवते, पॅटर्नवाले मेल्टिंगकडे दाखवतात, आणि मेस्त्री खाली बघून गप्प आहेत. प्रकल्पप्रमुखाला राग आला आहे. समजा त्याने तिथेच विचारले, ‘कोअर नीट वाळवले होते का?’ उत्तर एकच मिळणार : ‘हो साहेब, नेहमीसारखेच.’ त्यानंतर खरी माहिती बैठकीत येण्याचा रस्ता बंद होतो, कारण माणूस आता स्वतःच्या शब्दाला बांधला गेला. आपण रागात आहोत आणि राग आत्ता आपल्याला प्रश्न नव्हे, आरोप सुचवत आहे, हे ओळखणे म्हणजे आत्मभान. तो प्रश्न तासभर मागे ठेवणे म्हणजे आत्मनियमन. गप्प बसलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे काहीतरी आहे असे वाचणे ही समानुभूती. तिच्यात कळवळा असलाच पाहिजे असे नाही, पण समोरच्याच्या मनाचा अंदाज अचूक असावा लागतो.

बैठकीनंतर तो ओव्हनपाशी जातो आणि म्हणतो, ‘अण्णा, मी तुम्हाला एकच दिवस दिला होता. पाच खेपा बसवल्या कशा?’ या प्रश्नात त्याने आपली चूक आधी मोजून दाखवली आहे, म्हणून मेस्त्रींना पाऊण तासाचे सांगता येते. ते आणखी एक सांगतात : सोमवारच्या बैठकीत साहेबच म्हणाले होते, ‘तारीख हुकली तर कारणे सांगायला येऊ नका.’ म्हणजे कोअर ओला राहण्यामागे ओव्हनइतकेच हे वाक्यही होते. हे ऐकून घेणे सर्वांत अवघड, आणि सामाजिक कौशल्य जर कुठे दिसायचे असेल तर पुढच्या बैठकीत तो ते वाक्य मेस्त्रींचे नाव न घेता कसे मागे घेतो यात दिसते. पाचवा घटक, प्रेरणा, या प्रसंगात फारसा नाही. तो ओढूनताणून घालू नका; चार घटक नीट दाखवलेले उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : ‘चिकित्सक परीक्षण करा’ असे विचारले तर भावनिक बुद्धिमत्तेवर टीका काय लिहावी?

व्याख्येपासून सुरुवात करा, कारण या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. सालोवे आणि मेयर यांनी 1990 मध्ये ती क्षमता मानली : भावना ओळखणे, हाताळणे आणि विचारासाठी वापरणे. 1995 च्या पुस्तकाने ती लोकप्रिय करणाऱ्या गोलमन यांनी तीत प्रेरणेसारखे स्वभावविशेषही घेतले. क्षमता कसोटीने मोजता येते, पण स्वभाव बहुधा माणसाने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीतून मोजला जातो, आणि ज्याला आत्मभान कमी तोच स्वतःला भरभरून गुण देण्याची शक्यता असते. एडविन लॉक यांनी 2005 मध्ये ही संकल्पनाच अवैध ठरवली. व्याख्या इतकी पसरली आहे की तिला अर्थ उरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. जोसेफ आणि न्यूमन यांनी 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ज्या कामात भावना सांभाळणे हाच कामाचा मोठा भाग असतो तिथे तिचा कामगिरीशी संबंध अधिक दिसला. एकट्याने बसून आराखडा काढणाऱ्याला आणि चार विभागांत मध्यस्थी करणाऱ्या प्रकल्पप्रमुखाला ती सारखीच उपयोगी पडेल असे म्हणूनच लिहू नये.

प्रकल्प संघाबद्दल विचारले असेल तर द्रुस्कट आणि वोल्फ यांचा 2001 चा मुद्दा जरूर घ्या : हुशार, समंजस माणसे एकत्र आणली म्हणून संघ समंजस होत नाही, त्यासाठी गटाचे संकेत लागतात. आपल्या फौंड्रीत असा संकेत अगदी साधा असू शकतो. वेळापत्रकावर सही होण्याआधी प्रत्येक शॉपचा मेस्त्री आपल्या कामाला लागणारे तास स्वतःच्या तोंडाने सांगेल आणि तो आकडा कोणी बैठकीत कापणार नाही. कापायचा असेल तर ओव्हनपाशी जाऊन, घड्याळ लावून.