आंबेनळी घाट उतरताना पेडल का बसलं?

तुम्ही लिहिलंत की महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना पाच माणसं आणि टपावर सामान होतं, गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि पाय सतत ब्रेकवर. आधी जळका वास, मग पेडल मऊ होऊन खाली गेलं. मऊ पेडल म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं. ते आता बदलाच. पेडल घट्ट राहूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापलेत.

उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका, ॲक्सिलरेटर सोडा, क्लचला हात... म्हणजे पाय लावू नका. इंजिनचा आवाज चढेल, तीन-साडेतीन हजार आरपीएमला घाबरू नका. काटा लाल पट्ट्याकडे निघाला की ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. हलका दाबून ठेवलेला ब्रेकच सगळ्यात जास्त तापतो. न्यूट्रल तर कधीच नको.

वास आलाच, तर सुरक्षित जागी थांबा. पहिला गिअर टाकून चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, चाकांवर पाणी मारू नका. अर्धा तास तरी थांबा आणि निघण्याआधी पेडल दाबून बघा.