तोतया कोणाला म्हणावं?

‘तोच मी’ असं सांगत येणाऱ्या कुणालाही तोतया म्हणता येतं का? भावलचा संन्यासी तर कोर्टात जिंकला, तरी लेखांत त्याला सर्रास तोतया म्हणतात.

नाही म्हणता येत. ‘तोतया’ या शब्दातच निकाल आहे. ‘भाऊंचा तोतया’ म्हटलं की हा भाऊ नव्हे, हे आपण ठरवूनच बोलतो. पानिपतावर 1761 साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावावर ज्यानं 1776 साली कोकणात फौज उभी केली, तो चौकशीत सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ठरला. त्याला तोतया म्हणणं अगदी रास्त.

भावलचं तसं नाही. ढाक्याजवळच्या या जमीनदारीचे मधले कुमार रमेंद्रनारायण राय 1909 च्या मे महिन्यात दार्जिलिंगला वारले, असं घरी कळवलं गेलं. 1921 साली ढाक्यात आलेल्या एका संन्याशानं ‘मीच तो’ म्हटलं. बहीण ज्योतिर्मयीदेवींनी त्याला ओळखलं, पत्नी बिभावतीदेवींनी साफ नाकारलं. विरोधी बाजू म्हणत होती की हा पंजाबातला माल सिंग आहे. म्हणजे ‘तोतया’ हा शब्द त्या बाजूच्या तोंडी शोभतो. सांगणाऱ्यानं तो स्वतःच्या वाक्यात घेतला, की तोही त्या बाजूला जाऊन बसतो.

दावा पारखला कसा, ते पाहण्यासारखं आहे. आठवणी पढवता येतात. घरातल्या माणसांची नावं, जुने प्रसंग, नोकरांच्या सवयी कुणीही घोकून घेईल. उलट, खऱ्या माणसालाही बारा वर्षांनी पुष्कळ आठवत नाही. म्हणून ‘त्याला अमुक सांगता आलं नाही’ एवढ्यावर तो खोटा ठरत नाही, आणि ‘सगळं सांगितलं’ म्हणून खराही ठरत नाही. शरीर मात्र पढवता येत नाही. कुमारांच्या डाव्या घोट्याजवळ गाडीच्या चाकानं झालेल्या जखमेचा व्रण होता आणि पायांची कातडी खवलेदार होती. या दोन्ही खुणा संन्याशाच्या अंगावर होत्या. एखादी खूण योगायोगानं जुळेल, पण अशा अनेक खुणा एकाच माणसात जुळाव्यात हे अवघड, यावर न्यायाधीश पन्नालाल बसूंनी भर दिला. मग दार्जिलिंगला मेला कोण, हा प्रश्न उरतोच. त्या रात्री वादळपावसात प्रेत स्मशानात टाकून लोक आडोशाला गेले, असं वादीचे साक्षीदार सांगत होते, तर सकाळी रीतसर दहन झालं, असं विरोधी बाजूचे.

बसूंनी 1936 साली संन्याशाच्या बाजूनं निकाल दिला. तो कलकत्ता हायकोर्टात आणि 1946 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही टिकला. त्यामुळे आज लिहिताना मी ‘भावलचा संन्यासी’ असंच लिहितो. 1936 च्या आधीचं लिहायचं असेल तर ‘कुमार असल्याचा दावा करणारा संन्यासी’.

व्याकरणाचीही एक गंमत. ‘भाऊंचा तोतया’ यात षष्ठी लागते ती खऱ्या माणसाच्या नावाला. ‘तोतया पोलीस’ यात मात्र खरा कुणी एक माणूस नसतो, फक्त पद असतं. म्हणून ‘भावलचा तोतया’ हे मला दोन्ही अंगांनी खटकतं: भावल हे जमीनदारीचं नाव, आणि तोतया जमीनदारीचा नसतो, माणसाचा असतो.