४८ तासांच्या फ्लॅश सेलसाठी गूगल अ‍ॅड्समध्ये सीझनॅलिटी अ‍ॅडजस्टमेंट लावू का? टार्गेट सीपीए ऑटोमॅटिक आहे, ते आपोआप जुळवून घेणार नाही का?

लावा, आणि सेल सुरू व्हायच्या आधीच तारीख-वेळेसह लावून ठेवा. ऑटो बिडिंग तुमचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे किती टक्के क्लिकचं खरेदीत रूपांतर होतं ते, मागच्या डेटावरून ओळखतं; या अ‍ॅडजस्टमेंटने तो रेट किती बदलेल हे तुम्ही त्याला आधीच सांगता. क्लिक आज येतो, पण खरेदी कधीकधी दोन दिवसांनी नोंदली जाते. म्हणजे रेट वाढलाय हे सिस्टिमला नीट कळेपर्यंत सेल आटोपलेला असतो. वर मग तो वाढीव डेटा पाहून नंतरच्या थंड दिवसांतही ते चढ्या बोली लावू शकतं.

समजा टार्गेट सीपीए, म्हणजे एका खरेदीमागे ठरवलेला खर्च, १०० आहे आणि नेहमी २% क्लिकमागे खरेदी होते, तर बोली ढोबळमानाने २ च्या आसपास. सेलमध्ये ३% अपेक्षित असेल तर +५०% भरा, बोली ३ कडे सरकेल. आकडा मागच्या सेलच्या कन्व्हर्जन रेटवरून काढा, विक्रीवरून नको. नुसती गर्दी वाढली असेल तर रेट तोच राहतो. (दुप्पट विक्री झाली म्हणून +१००% टाकणारे बरेच असतात.)

मात्र हे १ ते ७ दिवसांपुरतंच चांगलं चालतं. १४ दिवसांपेक्षा लांब सेलला वापरू नका.