शिक्षेच्या आदेशातले वाढवणारे आणि सौम्य करणारे घटक कसे ओळखायचे?

प्रश्न: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सत्र न्यायालयाचा शिक्षेचा आदेश वाचून त्यात कोर्टाने शिक्षा वाढवणारे आणि कमी करणारे कोणते घटक धरले याची यादी करायची आहे. मला दोन्ही बाजूंचे वकील काय म्हणाले एवढेच सापडते. नेमके काय पाहायचे?

उत्तर:

वकील काय म्हणाले ते यादीत धरूच नका. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून सव्वीस वर्षे काढली. "आरोपीस शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकण्याकरिता निकालपत्र येथे थांबविण्यात येत आहे" हे वाक्य किती वेळा टंकलिखित केले याची गणती नाही. त्यानंतरच्या पहिल्या परिच्छेदात आरोपी आणि दोन्ही वकील यांचे म्हणणे येते, आणि ती केवळ नोंद असते. कोर्टाचे मत त्याच्या पुढे, बहुधा "तथापि" किंवा "सर्व बाबी विचारात घेता" या शब्दांपासून सुरू होते. एवढा फरक लक्षात न घेतल्यामुळे आमच्या घरात दोन कुटुंबांचे येणे-जाणे बंद झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मामेभावावर बांधाच्या वादातून शेजाऱ्याच्या मुलाने कोयत्याने वार केले. पहिला वार उजव्या हातावर बसला आणि भाऊ खाली पडल्यावर दुसरा खांद्यावर. हाताची पकड कायमची गेली. खटला माझ्या न्यायालयात नव्हता, दुसऱ्या जिल्ह्यात चालला. खुनाच्या प्रयत्नाचे कलम 307 सिद्ध झाले नाही, कलम 326 खाली दोषी धरले आणि तीन वर्षे सक्तमजुरी व दंड झाला. त्या कलमाची कमाल शिक्षा जन्मठेप असल्याने मामांना तीन वर्षे ही थट्टा वाटली. आरोपीच्या वकिलाने आजारी आई आणि गरोदर बायको पुढे करून साहेबांना पाझर फोडला, असे ते आजही सांगतात.

मी निकालाची नक्कल काढली आणि चार वेळा वाचली. आईचे आजारपण वकिलाच्या म्हणण्यात होते, हे खरे. पण कोर्टाने पुढच्याच परिच्छेदात लिहिले होते की त्याबाबत कोणतेही वैद्यकीय कागद दाखल नाहीत, त्यामुळे ही बाब विचारात घेता येत नाही. म्हणजे ज्या मुद्द्याला मामा शिव्या देत होते, तो कोर्टाने तिथेच बाजूला ठेवला होता. स्वीकारलेल्या बाबी तीनच होत्या: आरोपीचे वय तेवीस वर्षे, पूर्वी कोणताही गुन्हा नसणे, आणि "घटनेपूर्वीची पार्श्वभूमी". ही पार्श्वभूमी कोणती, याचा शिक्षेच्या भागात एका शब्दानेही खुलासा नव्हता.

इथेच बहुतेकांची यादी अपुरी राहते. शिक्षेचा भाग दोन पानांचा असतो आणि दोषसिद्धीचा भाग चाळीस पानांचा, पण न्यायाधीशांच्या डोक्यात तो एकच निकाल असतो. मी मागे गेलो तेव्हा परिच्छेद 31 मध्ये खुलासा सापडला. आदल्या संध्याकाळी आमच्याच लोकांनी बांध उकरून दोन फूट आत सरकवला होता. बचाव पक्षाने यावरून गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा बचाव घेतला होता. मध्ये आख्खी रात्र गेली आणि आरोपी घरून कोयता घेऊन आला, म्हणून तो अचानक म्हणता येत नाही, असे सांगून कोर्टाने तो फेटाळला. तरीही बचाव म्हणून अपुरा पडलेला प्रक्षोभ शिक्षा ठरवताना सौम्य करणारी बाब म्हणून धरता येतो, आणि इथे तसा धरला गेला. बचाव फेटाळला म्हणजे ती वस्तुस्थितीही पुसली गेली, असे नवखे वाचक समजतात. ते साफ चूक आहे.

शिक्षा वाढवणाऱ्या बाजूलाही अशीच सावधगिरी लागते. "कोयता वापरला" आणि "गंभीर दुखापत झाली" हे दोन मुद्दे तुम्ही यादीत पहिले लिहाल, पण ते कलम 326 चेच घटक आहेत. ते नसते तर हे कलमच लागले नसते. वजन त्याहून जास्तीच्या गोष्टींना द्यायचे असते. आमच्या निकालात ते होते खाली पडलेल्या निःशस्त्र माणसावर केलेला दुसरा वार, आणि शेतमजुरीवर जगणाऱ्याचा उजवा हात कायमचा निकामी होणे. जीव घेण्याचा हेतू मात्र त्या बाजूला लिहिता येत नाही, कारण 307 मधून सुटका झाली होती. आरोपीने गुन्हा नाकारला, हेही वाढवणारे कारण होत नाही. खटला लढवणे हा त्याचा हक्क आहे.

म्हणून यादी तीन रकान्यांत करा: मांडले गेलेले, कोर्टाने स्वीकारलेले किंवा फेटाळलेले, आणि त्याचा आधार असलेला परिच्छेद. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मागे जाऊन शोधा. दोन्ही बाजूंचे आकडे मोजून निष्कर्ष मात्र काढू नका. तीन सौम्य आणि दोन गंभीर म्हणून शिक्षा कमी झाली, असे गणित कोर्ट करत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मुंबईच्या कार्टर रोड प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल वाचा. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने साधी कैद आणि दंड दिला. उच्च न्यायालयाने कलम 304 भाग 2 लावून तीन वर्षे सक्तमजुरी दिली. दिलेली भरपाई आणि शिक्षा कमी करण्याची विनंती यांवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट लिहिले की कोणतीही रक्कम मृतांच्या कुटुंबांचे दुःख कमी करू शकत नाही, आणि परिवीक्षेचा लाभही नाकारला. सात जीव गेले असता तीन वर्षे फारच कमी आहेत, असेही त्यांनी म्हटले. तरी शिक्षा वाढली नाही, कारण राज्याने वाढीसाठी अपीलच केले नव्हते. त्या अंतिम आकड्यामागे घटकांचे वजन नाही, प्रक्रियेची मर्यादा आहे. तुमच्या यादीत हे वेगळे लिहायला हवे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. तिथे 326 च्या जागी 118(2) आहे आणि त्यात किमान एक वर्षाची शिक्षा आहे, त्यामुळे किमान मर्यादेखाली सौम्य बाबींचा उपयोग होत नाही. दुसरे, काही आदेशांत खरोखरच कारणे दिलेली नसतात. तशा वेळी "कोर्टाने नमूद केलेले नाही" एवढेच लिहा, स्वतःच्या मनाने कारण भरू नका.

मामांनी मात्र परिच्छेद 31 अजून वाचलेला नाही. बांध सरकवल्याचे तिथले वाक्य आरोपीच्या वकिलाचे नाही. ते माझ्या मामेभावाच्या उलटतपासातले आहे, त्याने स्वतः शपथेवर दिलेले.