मानेवरच्या केसांचा रंग उशिरा का उतरतो?

प्रश्न: ब्लीच लावल्यावर पुढचे केस पटकन उजळतात, पण मानेवरचे आणि मागचे केस नारिंगीच राहतात. असे का?

मागचे केस बहुधा जाड, दाट आणि उन्हापासून झाकलेले असतात, त्यामुळे ब्लीचला त्यांच्या आतल्या रंगद्रव्यापर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो. कपाळाजवळचे केस बारीक असतात. ऊन आणि रोजचे विंचरणे यांनी त्यांचे बाहेरचे खवल्यांचे आवरण झिजलेले असते आणि उन्हामुळे त्यांतील रंगद्रव्यही थोडे आधीच फिकट झालेले असते. म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी मिश्रण लावले, तर पुढचे केस पिवळे होतात तेव्हा मागचे अजून नारिंगीच दिसतात. यावर मागच्या भागासाठी ब्लीच पावडरीत मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण, म्हणजे डेव्हलपर, अधिक तीव्र घेण्यापेक्षा लावण्याचा क्रम बदलणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण मानेची त्वचाही नाजूक असते. सुरुवात मागून करावी, तिथे बटा इतक्या पातळ घ्याव्यात की मिश्रणाखालून केस कोरडे डोकावणार नाहीत, आणि पुढची कड सर्वांत शेवटी लावावी. दर काही मिनिटांनी एका बटेवरचे मिश्रण पुसून रंग पाहावा. ओल्या मिश्रणाखाली केस खऱ्यापेक्षा फिकट भासतात. मात्र पुढच्या केसांवर आधीचा कृत्रिम रंग असेल, तर हाच क्रम उलटू शकतो, आणि मानेच्या अगदी कडेची बारीक लव तर पटकनच उजळते.