व्यवसाय कर चुकून कापला गेला तर

पेरोलला नुसतं 'पगार कमी आला' असं लिहू नकोस. त्यावर 'कोणता महिना?' एवढंच उत्तर येतं आणि दुरुस्ती पुढच्या पगारावर जाते. आधी स्लिपवरचा एकूण पगार बघ, हातात पडलेला नव्हे. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर लागत नाही. हातात 24,000 येत असले, तरी एकूण 26,000 असेल तर कपात बरोबरच आहे.

मेल असा लिही: "जून आणि जुलै, दोन्ही महिन्यांत एकूण पगार 23,400. व्यवसाय कर प्रत्येकी 200 कापला, लागू 0. जादा कपात 400. दोन्ही स्लिपा जोडल्या आहेत. ऑगस्टच्या पगारात परत मिळावी."

विषयात कर्मचारी क्रमांक आणि महिने घाल. अशी कपात बहुतेकदा नोंदीत लिंग 'पुरुष' पडल्यामुळे होते, कारण पुरुषांना 10,000 च्या वर 200 लागतात. म्हणून ती नोंद तपासायलाही त्याच मेलमध्ये सांग. ती तशीच राहिली, तर 400 परत येतील आणि पुढच्या स्लिपमध्ये पुन्हा 200 जातील. फेब्रुवारीत तर 300.