अनेक बाजारांतील गाठ आणि परस्पर संयम

प्रश्न: त्याच दोन कंपन्या अनेक बाजारांत समोरासमोर असल्या की त्या दरयुद्ध का टाळतात?

एका बाजारात दर पाडले, तर प्रत्युत्तर सगळ्या बाजारांत मिळण्याची धास्ती असते. मात्र एवढे कारण पुरेसे नाही, कारण शिक्षा सर्वत्र होणारच असेल, तर कंपनी दरही सर्वत्र एकदमच पाडेल. बाजार आणि कंपन्या अगदी एकसारख्या असतील, तर लाभ व तोटा सारख्याच प्रमाणात वाढतात आणि काहीच बदलत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ बर्नहाइम आणि व्हिन्स्टन यांनी १९९० मध्ये दाखवले. खरा फरक बाजार असमान असताना पडतो. समजा, पहिल्या बाजारात दर पाडून १०० रुपये मिळतात आणि पुढे १४० गमवावे लागतात. दुसऱ्यात १०० मिळतात, पण ७०च जातात. दुसऱ्या बाजारातले संगनमत एकटे टिकणार नाही. दोन्ही जोडले, की २०० च्या लाभासमोर २१० चा तोटा उभा राहतो आणि ते टिकते.

अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९२ मध्ये विमान कंपन्यांवर भरलेल्या दाव्यात नेमकी हीच जोडणी दिसते. आरोप असा होता की, एका कंपनीने दुसरीच्या महत्त्वाच्या मार्गावर भाडे उतरवले, की दुसरी सामायिक भाडेप्रणालीत पहिलीच्या मार्गावर कपात नोंदवी, तळटीपांतील खुणांनी दोन्ही भाड्यांचा संबंध सूचित करी आणि पहिलीने माघार घेताच आपली कपातही मागे घेई.